शटरवरचा कागद

अंजनाचं लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण घराच्या थोरल्या माणसाशी ती एकदाही बोलली नव्हती. भांडण होतं का? छे. बापूराव, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, तिचा भासरा, माणूस सोन्यासारखा. पण त्या घराची रीतच तशी. भासरा अंगणात आला की धाकट्या सुनेनं पदर ओढून दाराआड व्हायचं. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडं पाहून बोलायचं नाही. काही विचारायचंच असलं तर सासूच्या तोंडून. शिरपूर जैनच्या आसपास कितीतरी घरांतून हे आता उठून गेलंय, सुना भासऱ्याच्या मागं फटफटीवर बसून तालुक्याला जातात. पण गोजराबाईच्या घरात नव्हतं उठलं. गोजराबाई म्हणायची, "गावाचं गाव पाहीन. आपल्या उंबऱ्याच्या आत माही रीत." नवरा, पुंजाजी, गेल्यापासून तर घराचा लगाम तिच्याच हातात होता, आणि तो तिनं कधी ढिला सोडला नाही.

आता गंमत पाहा. ज्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, तिच्याच तोंडावाचून त्या घराचं पान हलत नव्हतं.

अंजनाचा बाप तेलंगणात एका भातगिरणीवर कामाला. माणूस इकडचाच, वाशीमचा, पण पोट तिकडं घेऊन गेलं. पोरगी तिथंच वाढली, तेलुगू शाळेत दहावीपर्यंत शिकली. घरात वऱ्हाडी, वर्गात तेलुगू. लग्न करून इकडं आली तेव्हा गावातल्या बाया तिला मुद्दाम तेलुगूत बोलायला लावायच्या आणि पदर तोंडात धरून हसायच्या. पण भासऱ्यानं दोन एकरात हळद लावली, आणि हळद विकायला निजामाबादच्या बाजूला जायला लागला, तेव्हा हसणं बंद पडलं. तिकडं पाट्या तेलुगूत, दुकानातल्या सूचना तेलुगूत. इकडचा शेतकरी तिथं उतरला की डोळे असून आंधळा.

बापूराव फोन काढायचा, पाटीचा फोटो घ्यायचा आणि धाडून द्यायचा. पण धाडायचा कोणाला? भावजयीला थोडाच धाडणार? तो धाडायचा आईला. गोजराबाईच्या फोनवर फोटो यायचा, ती चुलीपाशी येऊन म्हणायची, "अंजू, पाह्य वो, बापूनं काय धाडलं." अंजना पाहायची, सांगायची. मग गोजराबाई माइकचं बटण दाबून फोनात तोंड घालून बोलायची, "बापू, ते म्हणते का तिथं गाडी लावू नको, दंड हाय." असं. सुनेचं 'ते' व्हायचं, आणि निरोप माय-लेकांचा व्हायचा. रीतही राहिली आणि कामही झालं. या माणसांच्या युक्तीला काय म्हणावं, मला तर हात जोडावेसे वाटतात.

गावातली बाकीची पोरंही फोटो आणायची. एकानं सोलापूरच्या पुढं कुठंतरी काढलेली पाटी आणली, तर अंजना म्हणाली, "हे माहं नाई बाप्पा, हे कानडी हाय. आमच्या अक्षराच्या काकाचं पोरगं." दिसायला तसंच गोल गोल, डोक्यावर तशाच टिकल्या, अर्धंमुर्धं तिला लागायचंसुद्धा. पण अर्ध्यावर ती कधी सांगायची नाही. हा तिचा कडक नेम. "मले पुरं दिसलं त सांगतो. अर्ध्या कागदावर सांगनाऱ्याचं तोंड नंतर काळं होते."

फोनातल्या ॲपनं हे काम होत नव्हतं असं नाही. छापील, ठळक पाटी असली तर कॅमेरा धरला की ॲप मराठी करून दाखवायचं, बऱ्यापैकी बरोबर. पण हातानं लिहिलेला कागद असला, ओला झालेला, कडेला वळलेला, तर ॲप काहीच्या काही वाचायचं. एकदा एका खानावळीबाहेरच्या खडूच्या पाटीवर त्यानं "आज आजीचा रस्सा" असं काढलं होतं. घरात आठवडाभर हसणं पुरलं. शिवाय नेट नसलं की ॲपचं सगळंच अडायचं. मग पुन्हा आपली माय, आणि मायच्या मागं 'ते'.

यंदा हळद शिजवून, वाळवून, घोळून तयार झाली आणि बापूरावनं गाडी सांगितली. गाडी लखीरामची. लखीराम मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, पिकअप चालवायचा, बोलका, दर फेरीत बायकोसाठी काहीतरी आणणारा. दोघं पहाटे निघाले. इकडं भागवत, म्हणजे अंजनाचा नवरा, वांगी आणि संभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन वाशीमच्या बाजारात गेला. थोरली जाऊ मंजुषा माहेरी. घरात सासू-सुना दोघीच.

दुपार कलली तेव्हा गोजराबाईचा फोन वाजला. बापूराव सांगत होता, तिकडं अवकाळी पाऊस सुरू झालाय, गारा पडतायत. लिलाव उद्यावर गेला. रस्त्याच्या कडेला एक गोदाम आहे, बाजूच्या शेडातल्या हमालानं हात करून सांगितलं की घाला आत गाडी, कुलूप नुसतंच अडकवलेलं आहे. हळद भिजली तर रंग जाईल, रंग गेला तर वर्षभराची मेहनत गेली. शटरवर एक कागद चिकटवलेला आहे, त्याचा फोटो धाडतो.

फोटो आला. गोजराबाईनं फोन अंजनाच्या डोळ्यांपुढं धरला. लाल शाईतली मोठी अक्षरं, आणि तेवढीच. बापूरावनं जवळून घेतलेला फोटो, वरच्या दोन ओळींचा. खाली बारीक लिहिलेलं काही होतं, पण त्याची नुसती टोकं दिसत होती.

"लोपलिकि रावद्दु," अंजनानं वाचलं. "आत येऊ नका. परवानगीशिवाय."

"येवढंच?"

"खाली लिवलं हाय अजून. थे नाई आलं फोटोत."

गोजराबाईला बाजाराची घाई. शिरपूरचा बाजार, तिथून मीठ-मिरची आणायची होती, आणि ऑटोवाला वेशीवर हॉर्न देत होता. तिनं बटण दाबलं आणि बोलली, "बापू, ते म्हणते आत येऊ नका असं लिवलं. थे त सगळ्याच गोदामावर लिवलं रायते. हमालानं सांगितलं ना? मंग बस."

अंजना म्हणाली, "आत्याबाई, पुरा कागद मागा ना. अर्धाच हाय."

"तुह्यं आपलं एक." पण गोजराबाईनं पुन्हा बटण दाबलं. "बापू, पुरा कागद धाड म्हणते ते." फोनाची बॅटरी संपत आली होती. तिनं तो चुलीजवळच्या बोर्डाला लावला, पिशवी घेतली आणि गेली. जाताना म्हणाली, "आला फोटो त मी आल्यावर दाखव."

मी आल्यावर दाखव. हे तीन शब्द साधेच होते, आणि त्यांचा अर्थही साधाच होता.

अंजनानं पीठ मळलं, झाकून ठेवलं. पुन्हा उघडून पाणी लावलं, गरज नसताना. फोनाकडं पाहिलं. घर इतकं शांत होतं की बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या ते ऐकू येत होतं. सासूचा फोन, भासऱ्याचा निरोप, आणि त्याला हात लावायचा तिला अधिकार नाही. ती दोनदा उठली आणि दोनदा बसली.

बऱ्याच वेळानं फोन टिंग करून वाजला. फोटो, आणि मागोमाग बापूरावचा आवाज. तिनं हात पुसले. कोणी पाहतं का म्हणून उगाच दाराकडं पाहिलं, आणि आधी आवाज लावला. पत्र्यावर पावसाचा धडधडाट, आणि त्यातून बापूराव मोठ्यानं बोलत होता:

"माय, मंगाशीच दोन काढले होते, हा दुसरा धाडून राह्यलो. इथं शटरपाशीच नेट येते, आत येत नाई. गाडी आत घेतली, शटर खाली ओढलं, गारा आत येत होत्या. वरून पत्रा गळून राह्यला. कोपऱ्यात कोन्या व्यापाऱ्याची थप्पी हाय, तिच्यावर मोठं मेनकापड होतं. लखीरामनं अन् म्या थे जरासं ओढून घेतलं आपल्या हळदीवर. उद्या लावून देऊ. इथं लसून ठेवला वाटते कोनी, लै वास येऊन राह्यला. लखीरामचं डोकं दुखते म्हणून तो पोत्यावर आडवा झाला."

अंजनानं फोटो उघडला. दोन बोटांनी ताणून मोठा केला. कागद ओला होता, बारीक अक्षरं निळ्या शाईची, पसरलेली. तिनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली, शाळेत वाचायची तशी, ओठ हलवत.

या गोदामातील मालावर किडीसाठी विषारी धुरीच्या गोळ्या ठेवल्या आहेत. आच्छादन काढू नये. आत येऊ नये. मग कालची तारीख, आणि कधीपर्यंत ती तारीख, अजून चार दिवस पुढची. त्याखाली एक शब्द दोन रेघा ओढून लिहिलेला, आणि त्याचा अर्थ कळायला तेलुगू यायचीही गरज नव्हती. प्राणापायम्.

भातगिरणीतली ती पोत्यांची थप्पी तिनं लहानपणी पाहिली होती. वरून जाड मेनकापड, कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवून दाबलेलं, म्हणजे आतली हवा बाहेर येऊ नये. बाप त्या बाजूला जाऊ द्यायचा नाही. म्हणायचा, गोळी नुसती पडून राहते, पण हवेतला ओलावा लागला की तिचा वायू होतो, आणि त्याला लसणासारखा वास येतो. एक मांजर थप्पीखाली गेलेलं तिनं पाहिलं होतं. बाहेर आलेलं नव्हतं.

आणि या दोघांनी ते मेनकापड ओढून घेतलं होतं, बाहेर धो धो पाऊस होता, आणि शटर खाली होतं.

अंजनानं आपला फोन घेतला. भागवतला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. वांग्याच्या ढिगामागं उभा राहून हाका मारणाऱ्या माणसाला खिशातला फोन कसला ऐकू येतोय. तिनं लिहिलं, फोन करा, लवकर. मग सासूला लावायला गेली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की सासूचा फोन तर तिच्या समोरच आहे, बोर्डाला लटकलेला.

काय केलं असतं तुम्ही? हो, लगेच केला असता फोन, मलाही असंच वाटतं. पण दहा-बारा वर्षं ज्या माणसाकडं पाठ करून उभं राहायचं शिकवलंय, त्याच्या कानात एकाएकी आपला आवाज घालायचा म्हणजे काय, हे त्या घरात राहिल्याशिवाय नाही कळत. तिचं बोट हिरव्या बटणावर थांबलं. फार नाही थांबलं. मग तिनं दाबलं.

दोन वेळा वाजला आणि उचलला गेला.

"हां माय, बोल."

पाऊस ऐकू येत होता, आणि त्यामागं कोणीतरी खोकत होतं.

"माय?"

"आत्याबाई नाईत," अंजना म्हणाली. "मी... मी अंजना बोलून राह्यली."

बापूराव तिथं होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, जड. ती बोलायला लागली, घाईघाईत, शब्दावर शब्द पडत होते, "थो कागद, त्याच्यावर लिवलं, भायेर..." आणि फोन कट झाला.

तिनं पुन्हा लावला. वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. तिला कळत होतं तो काय करतोय. तो मर्यादा पाळत होता. आईच्या फोनवर भावजय बोलते म्हणजे काही चुकून झालं असेल, माय घरी आली की बोलेल, असं म्हणून तो सभ्य माणसासारखा फोन ठेवत होता. अंजनाला त्या क्षणी त्याचा जीव घ्यावासा वाटला, आणि त्याच्याच जीवासाठी ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती.

तिनं माइकचं बटण दाबलं आणि ओरडली. "भायेर निंगा. दोघंबी. थो लसून नाई, थो जहरी वायू हाय. शटर उघडा अन् भायेर निंगा. मेनकापड सोडा, हळद सोडा. मी पाया पडतो तुमच्या." निरोप गेला. दोन खुणा उमटल्या, राखाडी. त्या तशाच राहिल्या. तिनं लिहूनही धाडलं. त्याच्याही दोन राखाडी खुणा. तिथं पोचलं होतं सगळं, त्याच्या खिशात, त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर, आणि तो पाहत नव्हता.

मग तिचं लक्ष फोटोच्या तळाशी गेलं. कागदाच्या शेवटच्या ओळीत, शाई पसरलेली असली तरी, एक नाव होतं आणि एक मोबाइल नंबर. धुरी करणाऱ्याचा. एक आकडा फुगला होता, तीन की आठ कळत नव्हतं. तिनं तीन धरून लावला. एका बाईनं उचललं आणि चुकीचा नंबर म्हणून ठेवला. आठ धरून लावला.

एका पुरुषानं उचलला. अंजनाला त्याच्याशी बोलायला क्षणही लागला नाही. परका, कधी न पाहिलेला, आणि त्याच्याशी ती धडधडा तेलुगूत बोलली, वर्षानुवर्षं तोंडात न आलेली भाषा अशी बाहेर पडली की तिलाच नवल वाटलं. गोदामात माणसं आहेत. दोघं. महाराष्ट्रातली. शटर खाली आहे. मेनकापड ओढलंय. तो माणूस आधी म्हणाला शक्य नाही, कुलूप आहे. मग मेनकापडाचं ऐकलं आणि त्याचा आवाज बदलला. कोणाला तरी हाका मारत तो पळत सुटला, फोन तसाच चालू. पावसाचा आवाज आला, गाडी सुरू झाली, आणि फोन बंद पडला.

मग काही नाही. ऊन उतरलं. अंजना ओट्यावर बसली, दोन्ही फोन मांडीवर घेऊन. आकाश इकडं कोरडं ठणठणीत होतं आणि तिच्या कानात पत्र्यावरचा पाऊस वाजत होता.

गोजराबाई पिशवी घेऊन आली. सुनेला ओट्यावर, उघड्या डोक्यानं, आपला फोन हातात घेऊन बसलेली पाहून ती दारातच थांबली. अंजनानं सांगितलं. जे होतं ते सगळं सांगितलं. गोजराबाईनं ऐकलं, आणि तिच्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो हा:

"तू फोन केला? त्याले?"

माणूस वाईट नसतं हो. त्याला जे पाठ असतं तेच आधी तोंडात येतं. पुढच्याच क्षणी म्हातारी मटकन खाली बसली आणि पिशवीतलं मीठ मातीत सांडलं.

तेवढ्यात त्या तेलुगू माणसाचा फोन आला. गोजराबाई अंजनाच्या तोंडाकडं पाहत राहिली. आजवर प्रत्येक वेळी सून बोलायची आणि ती पुढं सांगायची. आज पुढं सांगायला कोणी नव्हतं. अंजना ऐकत होती. शटर उघडलं, तो म्हणत होता. एकजण शटरला टेकून बसलेला सापडला, फटीशी नाक लावून, वाऱ्यामुळं शुद्ध होती. दुसरा गाडीमागं पोत्यांवर, त्याच मेनकापडाखाली. दोघांना दवाखान्यात नेलं. एक गेला.

"काय म्हणते?" गोजराबाईनं विचारलं. "काय म्हणते वो थो?"

अंजनाला कोण ते कळलं होतं. नेट शटरपाशीच येतं म्हणून तिथं कोण बसलं असणार, आणि डोकं दुखतं म्हणून पोत्यावर कोण झोपलं होतं. "आत्याबाई," ती म्हणाली. "तुमचा लेक जिता हाय." एक गेला, हे वाक्य तिनं मराठीत केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं अर्धा कागद सांगितला.

बापूराव आठवड्यानं घरी आला. छातीत कळ, पायऱ्या चढताना धाप. कोणी काही विचारलं नाही. पण गावात गोष्ट फुटायला वेळ लागतो का? फोन केला होता म्हणे घरून. मग? मग काय झालं? गोजराबाईनं झाकली मूठ झाकलीच ठेवायचं ठरवलं. चुलीपाशी तिनं अंजनाला बजावलं, "कोनी विचारलं त सांगजो, रेंज नव्हती. फोन लागलाच नाई. गेलेला माणूस त काही वापस येत नाई. उरलेल्याची अब्रू कायले काढाची?"

अंजना म्हणाली, "बरं." दुसरं काय म्हणणार होती? तोंड दाबून बुक्क्यांचा मार ती दहा-बारा वर्षं खातच होती, एक आणखी.

सांत्वनाला तांड्यावर जायचं ठरलं. गोजराबाई, बापूराव, भागवत, आणि बायामाणसाच्या सोबतीला अंजना. लखीरामचं घर पत्र्याचं. त्याची बायको साक्षी अजून पोरगीच वाटावी अशी, अंगणात खाली बसलेली. माणसं जमली होती. पाणी दिलं गेलं, कोणी प्यायलं नाही. बापूराव बाजेच्या टोकावर बसला होता, मान खाली. अंजना रीतीप्रमाणं भिंतीच्या कोपऱ्याला, पदर डोळ्यांपर्यंत, त्याच्याकडं पाठ.

साक्षी कोणाकडं न पाहता बोलली. मराठीत बोलली, हळू. "मले एकच सांगा. सगळे म्हणतात तुमच्या घरून फोन केला होता. कागद वाचून. मंग माहा माणूस भायेर काहून नाई आला?"

गोजराबाईनं लगेच उचललं. "बाई, फोन लागलाच नाई. पानी होतं तिकडं. रेंज नव्हती. ही इकडून लावून लावून..."

"रेंज होती," बापूराव म्हणाला.

भागवतनं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यानं तो काढला. आणि मग तो वळला. बाजेवर बसल्या बसल्या तो पुरा वळला, भिंतीच्या कोपऱ्याकडं, जिथं पदराआड एक बाई पाठ करून उभी होती, आणि इतक्या माणसांत त्यानं तिचं नाव घेतलं.

"अंजना. सांग तिले."

अंजना जागची हलली नाही. अंगणात सगळे तिच्याकडं पाहत होते. भासऱ्यानं धाकट्या सुनेला नावानं हाक मारली म्हणजे काय झालं, ते तांड्यातल्या लोकांनाही कळत होतं. तिनं हात वर नेला आणि पदर डोळ्यांवरून मागं केला. वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याचं तोंड समोरून, उजेडात पाहिलं. ते म्हाताऱ्या माणसाचं तोंड होतं.

"लागला होता," ती म्हणाली. "म्या फोन केला होता, अन् लागला होता."

साक्षीनं आता बापूरावकडं पाहिलं. "उचलला होता तुमी?"

"उचलला होता."

"मंग?"

बापूरावला धाप लागली.

"भावजयीचा आवाज आला," तो म्हणाला. "म्हणून ठेवला."